विनोद: भावना पेलण्यासाठी आणि टाळण्यासाठी

आजारपणात, संकटात, कोणी गेल्यावरसुद्धा माणसं विनोद करतात हे सगळ्यांच्या पाहण्यातलं आहे, त्यामुळे त्याचं वर्णन इथे करत नाही. या नोंदीत भर आहे तो मानसशास्त्रातल्या एका जुन्या वादावर, की असा विनोद दुःखाला तोंड देतो की दुःखाकडे पाठ फिरवतो, आणि यातलं काय चाललंय हे ओळखायचं कसं.

वादाचं मूळ बहुतेक जण सिग्मंड फ्रॉइडकडे नेतात, पण फ्रॉइडचीच यावर दोन मतं आहेत आणि ती सर्रास एकत्र केली जातात. १९०५ च्या पुस्तकात त्याने सोमवारी फाशीला नेल्या जाणाऱ्या कैद्याचा किस्सा घेतलाय, तो कैदी म्हणतो, वा, आठवड्याची सुरुवात तर झकास झाली! ऐकणाऱ्याला त्याची कीव येणार असते पण येतं हसू, म्हणजे खर्च होणारी भावना वाचते, असा तिथला हिशोब. १९२७ मध्ये एका छोट्या निबंधात (इन्सब्रुकच्या परिषदेत तो अ‍ॅना फ्रॉइडने वाचला) तो याच कैद्याकडे परत येतो, पण आता लक्ष कैद्याच्या मनाकडे आहे. मनातला एरवी दटावणारा, आईबापांच्या जागी असलेला भाग इथे घाबरलेल्या जिवाला जवळ घेऊन धीर देतो, असं तो सांगतो. दुसरं मत जास्त पटतं, कारण पहिल्यात भावना टाळलीच जाते, दुसऱ्यात भीती आहे हे आधी मान्य झालेलं असतं.

पुढे जॉर्ज व्हेलंट या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने हाच धागा धरला आणि विनोदाला मनाच्या 'परिपक्व' संरक्षणांमध्ये, म्हणजे ताण पेलायच्या प्रौढ पद्धतींमध्ये बसवलं. त्याच्या मते खरा विनोद दुखणाऱ्या गोष्टीकडे सरळ बघू देतो, नुसता चटपटीतपणा मात्र लक्ष दुसरीकडे नेतो. मानसिक आजारांच्या १९९४ च्या अमेरिकन निदान-पुस्तिकेतल्या परिशिष्टात अशी संरक्षणं पातळ्यांमध्ये लावलीत, तिथेही विनोद सगळ्यात वरच्या पातळीवर आहे.

मोजमापाचं काम मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये केलं. त्यांच्या ३२ विधानांच्या प्रश्नावलीत विनोदाच्या चार शैली आहेत, माणसं जोडणारी, स्वतःला उभारी देणारी, दुसऱ्याला टोचणारी आणि स्वतःलाच कमी लेखणारी. मी दुःखी असलो की जोक करून ते लपवतो, अगदी जवळच्या मित्रांनाही कळत नाही, अशा अर्थाचं विधान चौथ्या गटात येतं, म्हणजे टाळाटाळ आणि स्वतःची टिंगल एकाच खात्यात टाकलीये. झ्युरिकच्या हाइन्त्स आणि रुख या संशोधकांनी नंतर यावर आक्षेप घेतला, त्यांचं म्हणणं साधारण असं की इथे त्रास स्वतःला कमी लेखण्यातून येतो, विनोदातून नाही, आणि हा आक्षेप बराच वजनदार वाटतो.

केल्टनर आणि बोनॅनो या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये जोडीदार गमावून साधारण सहा महिने झालेल्या माणसांच्या मुलाखती तपासल्या, गेलेल्या माणसाबद्दल बोलताना जे डोळ्यांसकट हसले त्यांच्यात राग आणि त्रास कमी दिसला. हसण्यामुळे तो कमी झाला असं यातून सिद्ध होत नाही, पण इथे हसू बोलण्याच्या ओघात आलंय, बोलण्याऐवजी नाही.

मुंबईत मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये सुरू केलेले हास्य क्लब वेगळ्या प्रकारात मोडतात, तिथे जोकशिवाय, व्यायाम म्हणून हसतात, त्यामुळे ते या वादात येत नाहीत.

ओळखण्यासाठी एक उदाहरण. समजा एकाचे वडील जाऊन तीन महिने झालेत. तो म्हणतो, बाबा असते तर तेराव्याच्या पंगतीतही मठ्ठा पातळ झालाय म्हणून आचाऱ्याला झापलं असतं. सगळे हसतात आणि मग बाबांच्या गोष्टी निघतात, हा विनोद वडिलांना गप्पांमध्ये घेऊन येतो. आठवड्याने बहीण विचारते, दादा, झोप लागते का रे तुला? तो म्हणतो, अगं मी तर मार्केट पडल्यावरपण घोरतो. हसू होतं आणि विषय संपतो. एकदा असं झालं म्हणून काही ठरवू नये, ऑफिसात किंवा पाहुण्यांसमोर मन उघडं न करणं ठीकच आहे. पण त्याच प्रश्नावर, एकट्यात, जवळच्या माणसाला दरवेळी जोकच मिळत असेल तर तो जोक उत्तराच्या जागी बसलाय. जोक बंद कर म्हणून उपयोग नसतो. तिने हसावं, थोडं थांबावं आणि विचारावं, हो, पण झोपेचं सांग ना. आणि त्याला इतकंच जमलं तरी पुरे की जोकनंतर एक साधं वाक्य जोडायचं, पहाटे तीनला जाग येते आणि बाबांचा खोकला ऐकू आल्यासारखा वाटतो.

उपचार करणाऱ्यांनी विनोद करावा का यावर लॉरेन्स क्युबी या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९७१ मध्ये कडक इशारा दिला होता, डॉक्टरच थट्टा करायला लागला तर तो खरं बोलतोय की गंमत करतोय हे पेशंटला कळत नाही आणि त्याचं बोलणं तिथेच तुटतं. मत टोकाचं आहे, पण घरातही एवढं त्यातून घेता येतं की वरच्या बहिणीने जरूर हसावं, फक्त पहिला जोक भावाला करू द्यावा.