खहर राशीपासून 'अव्याख्यात'पर्यंत

शून्याला संख्या मानून तिच्या गणिताचे नियम ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त दिले. बेरीज, वजाबाकी, गुणाकाराचे नियम आजही तसेच चालतात. घोडं अडलं ते भागाकारापाशी. एखाद्या संख्येला शून्याने भागलं तर 'तच्छेद', म्हणजे छेदात शून्य असलेली राशी, एवढंच तो सांगतो. तिची किंमत सांगत नाही. शून्य भागिले शून्य मात्र त्याने बेधडक शून्य ठरवलं.

११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी या राशीला 'खहर' म्हटलं आणि ती अनंत मानली. तिच्यात काही मिळवा, काही काढा, ती बदलत नाही, असं ते 'बीजगणिता'त सांगतात. (चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला होता, तिथला शिलालेख प्रसिद्ध आहे.)

पण खरी मेख 'लीलावती'तल्या एका उदाहरणात आहे. एका संख्येला शून्याने गुणलं, आलेल्या गुणाकारात त्याचाच अर्धा भाग मिळवला, बेरजेला तिनाने गुणलं आणि शून्याने भागलं, तर ६३ आले. ती संख्या कोणती? भास्कराचार्यांचा नियम असा की पुढे शून्याने भागायचं असेल, तर आधीचा शून्याचा गुणाकार करून टाकू नये, राखून ठेवावा. दोन्ही शून्यं एकमेकांना काटतात. मग संख्येची साडेचारपट ६३, म्हणून उत्तर १४. ग्रहगणितात याचा मोठा उपयोग होतो, असंही ते नोंदवतात.

शून्याऐवजी ०.००१ घेऊन पाहा. १४ चे ०.०१४, अर्धा मिळवून ०.०२१, तिप्पट ०.०६३, भागून बरोबर ६३. छेद कितीही लहान घ्या, उत्तर हलत नाही. पण खरंच शून्य घेतलं, तर पहिल्याच पायरीला १४ पुसले जातात. १४ च्या जागी २० घेतले तरी हाती शून्यच. शून्य काटायची मुभा दिली, तर ०×५ = ०×७ वरून ५ = ७ मान्य करावं लागेल.

कारण भागाकार हा गुणाकाराचाच उलटा प्रश्न आहे. ० ÷ ८ म्हणजे आठाला कशाने गुणल्यावर शून्य येईल? फक्त शून्याने, म्हणून तिथे वादच नाही. ८ ÷ ० म्हणजे शून्याला कशाने गुणल्यावर आठ येतील? कशानेच नाही. ० ÷ ० ला तर कोणतीही संख्या चालते, म्हणजे एक ठराविक उत्तर नाही. ब्रह्मगुप्ताचं शून्य हे त्यातलंच एक.

आणि अनंत? ८ ÷ ०.१ = ८०, ८ ÷ ०.०१ = ८००, असं उत्तर वाढत जातं खरं; पण छेद ऋण बाजूने शून्याकडे आणला तर −८०, −८०० मिळतात. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचत नाहीत. शिवाय ८ ÷ ० आणि ९ ÷ ० दोन्ही एकच अनंत मानले, तर त्याला शून्याने गुणून आठ मिळवायचे की नऊ?

शून्याच्या जवळ जाणं आणि शून्यावर असणं हा फरक युरोपात १८२१ मध्ये फ्रेंच गणिती कोशीने सीमेच्या, म्हणजे उत्तर ज्या किंमतीजवळ जात राहतं तिच्या, कल्पनेवर कलनशास्त्र उभारलं तेव्हा नीट मांडला गेला. त्या भाषेत ६३ हे सीमेचं उत्तर आहे. प्रत्यक्ष ० ÷ ० अव्याख्यातच राहतं.