दोन छेदणाऱ्या वक्रांमधील क्षेत्रफळ

दोन वक्र एकमेकांना छेदतात तेव्हा त्यांच्यामध्ये अडकलेल्या भागाचे क्षेत्रफळ निश्चित समाकलनाने काढतात. वर्गात यालाच इंटिग्रेशन म्हणतात. त्या भागाच्या अतिशय अरुंद उभ्या पट्ट्या कल्पायच्या. पट्टीची उंची म्हणजे वरच्या वक्राचा y वजा खालच्या वक्राचा y, रुंदी dx, आणि सगळ्या पट्ट्यांची बेरीज म्हणजे समाकल. ‘वरचा वजा खालचा’ एवढेच सूत्र. अडचण येते ती ‘वरचा’ किंवा ‘खालचा’ कोण हे भागाच्या मध्येच बदलते तेव्हा.

हा बदल दोन कारणांनी होतो आणि ती वेगळी ओळखता आली पाहिजेत. एक तर वक्र एकमेकांना छेदून जागा बदलतात: जो वर होता तो खाली जातो. किंवा जागा बदलत नाहीत, पण पट्टीचे एक टोक एका वक्रावरून सरकून दुसऱ्यावर जाते. पहिल्या कारणाने भागाचे तुकडे करावेच लागतात. दुसऱ्या कारणाने पडणारे तुकडे पुष्कळदा टाळता येतात. पट्ट्या उभ्याऐवजी आडव्या घ्यायच्या, म्हणजे y मध्ये समाकलन करायचे.

छेदनबिंदूंवर तुकडे

y = x³ − x² हा वक्र आणि y = 2x ही रेषा घेऊ. छेदनबिंदू काढण्यासाठी दोन्ही y सारखे मांडायचे:

x³ − x² = 2x
x³ − x² − 2x = x(x + 1)(x − 2) = 0

म्हणून x = −1, 0 आणि 2. सर्वांत जास्त चुका याच ओळीत होतात. दोन्ही बाजूंना x आहे म्हणून त्याने भागून टाकले की x² − x − 2 = 0 उरते, −1 आणि 2 ही दोनच मुळे मिळतात आणि मधले 0 हरवते. ज्या बिंदूवर तुकडा पाडायचा होता नेमका तोच गेलेला असतो. म्हणून भागायचे नाही. सगळे एका बाजूला आणून अवयव पाडायचे.

आता प्रत्येक तुकड्यात वर कोण आहे ते पाहायचे. त्यासाठी तुकड्याच्या आतला एक सोयीचा x घेऊन दोन्ही किमती काढल्या की पुरे. x = −1/2 ला वक्राची किंमत −3/8 आणि रेषेची −1, म्हणजे वक्र वर. x = 1 ला वक्र 0 वर आणि रेषा 2 वर, म्हणजे रेषा वर. एका तुकड्यात एकच बिंदू तपासणे पुरते, कारण दोन्ही फलने सलग आहेत आणि लागोपाठच्या दोन छेदनबिंदूंच्या मध्ये त्यांच्या वजाबाकीला चिन्ह बदलायला वाव नसतो.

∫₋₁⁰ (x³ − x² − 2x) dx = 5/12
∫₀² (2x − x³ + x²) dx = 8/3
एकूण क्षेत्रफळ = 5/12 + 32/12 = 37/12

म्हणजे साधारण 3.083 चौरस एकक. तुकडे न पाडता −1 ते 2 पर्यंत सरळ ‘रेषा वजा वक्र’ समाकलन केले तर 32/12 − 5/12 = 9/4 येते. दुसऱ्या तुकड्याच्या क्षेत्रफळातून पहिल्याचे वजा झालेले असते. हे उत्तर धन आहे, आकारानेही पटण्याजोगे आहे, म्हणून ते स्वतःहून चूक उघड करत नाही. उत्तर ऋण आले तर निदान शंका तरी येते. खरा धोका अर्धवट रद्द होऊन आलेल्या धन उत्तराचा. चूक पकडायची एक साधी खूण अशी की दुसऱ्या तुकड्याचेच क्षेत्रफळ 8/3 आहे, आणि संपूर्ण भागाचे उत्तर 9/4 म्हणजे त्याच्याही पेक्षा लहान आहे. तेव्हा ते बरोबर असूच शकत नाही.

शेवटी 9/4 चे केवल मूल्य घेऊन काहीच साधत नाही. केवल मूल्य समाकलाच्या बाहेर नव्हे तर आत हवे: क्षेत्रफळ = ∫|f − g| dx. आणि आतले केवल मूल्य हाताने सोडवायचे म्हणजे पुन्हा छेदनबिंदूंवर तुकडे पाडणेच आले. जिओजेब्रावरही हाच फरक दिसतो. f म्हणून वक्र आणि g म्हणून रेषा दिल्यावर पहिली आज्ञा −2.25 दाखवते, दुसरी खरे क्षेत्रफळ देते.

```
IntegralBetween(f, g, -1, 2)
Integral(abs(f - g), -1, 2)
```

प्रत्येक सामाईक बिंदूवर वक्र जागा बदलतातच असे मात्र नाही. y = x³ आणि y = 3x² यांची वजाबाकी x²(x − 3) आहे. x = 0 हे दुहेरी मूळ; तिथे वक्र एकमेकांना नुसते स्पर्श करतात आणि 3x² दोन्ही बाजूंना वरच राहतो. तिथे तुकडा पाडला तर चूक होत नाही, पण गरजही नाही. मूळ विषम वेळा आले तर चिन्ह बदलते, सम वेळा आले तर बदलत नाही.

आडव्या पट्ट्या: y मध्ये समाकलन

दुसऱ्या प्रकारासाठी y² = 4x हा उजवीकडे उघडणारा अन्वस्त आणि y = 2x − 4 ही रेषा घेऊ. रेषेवरून x = (y + 4)/2 हे अन्वस्ताच्या समीकरणात घातले की y² = 2y + 8, म्हणून y = 4 किंवा −2. छेदनबिंदू (4, 4) आणि (1, −2).

उभ्या पट्ट्या घेतल्या तर काय होते ते आधी पाहू, कारण चूक तिथेच दडलेली आहे. छेदनबिंदूंचे x आहेत 1 आणि 4, म्हणून हात आपोआप 1 ते 4 अशा सीमा लिहितो. पण अडकलेला भाग x = 1 च्या डावीकडेही, थेट अन्वस्ताच्या शिरोबिंदूपर्यंत म्हणजे x = 0 पर्यंत पसरलेला आहे. तिथे पट्टीचे वरचे टोक y = 2√x वर आणि खालचे त्याच अन्वस्ताच्या y = −2√x या शाखेवर असते. x = 1 नंतर खालचे टोक रेषेवर सरकते. इथे वर-खालची अदलाबदल झालेली नाही. खालची कड तेवढी बदलली आहे.

∫₀¹ 4√x dx = 8/3
∫₁⁴ (2√x − 2x + 4) dx = 19/3
बेरीज = 27/3 = 9

पहिला तुकडा विसरला की उत्तर 19/3 येते. आकृती काढली असेल तर डावीकडचा मोकळा राहिलेला भाग लगेच डोळ्यांत भरतो. नुसत्या समीकरणांवर विसंबले तर नाही.

आता पट्ट्या आडव्या करू. y = −2 पासून 4 पर्यंत कुठलीही आडवी पट्टी डावीकडे अन्वस्तावर सुरू होते आणि उजवीकडे रेषेवर संपते. कड कुठेच बदलत नाही, वर्गमूळही लागत नाही. सूत्र होते ‘उजवा वजा डावा’:

∫₋₂⁴ [(y + 4)/2 − y²/4] dy = [y²/4 + 2y − y³/12]₋₂⁴ = 20/3 − (−7/3) = 9

इथे दोन गोष्टी जपायच्या. समाकलाच्या आत फक्त y हवा, एकही x उरता कामा नये. आणि सीमा छेदनबिंदूंचे y हवेत. dy लिहून 1 ते 4 सीमा घालणे ही घाईत होणारी नेहमीची चूक. ‘उजवा’ म्हणजे ज्याचा x मोठा तो. तो ठरवायला मधला y घ्यावा: y = 0 ला रेषेचा x = 2 आणि अन्वस्ताचा x = 0, म्हणून रेषा उजवी.

या उत्तराला एक जुनी पडताळणी आहे. आर्किमिडीजने इ.स.पू. तिसऱ्या शतकात सिद्ध केले की जीवेने कापलेल्या अन्वस्तखंडाचे क्षेत्रफळ त्यातल्या एका ठरावीक त्रिकोणाच्या 4/3 पट असते. त्रिकोणाचा पाया ती जीवा, आणि तिसरा बिंदू जिथे स्पर्शिका जीवेला समांतर असते तो. आपल्या रेषेचा चढ 2 आहे. अन्वस्तावर तेवढा चढ (1/4, 1) या बिंदूवर मिळतो. (1, −2), (4, 4) आणि (1/4, 1) यांच्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ 27/4, आणि त्याच्या 4/3 पट म्हणजे 9. समाकलन न करता उत्तर जुळते.

उभ्या की आडव्या

निवड दोन प्रश्नांवर ठरते. समीकरणांतून कोणते चल सहज एकटे करता येते? आणि कोणत्या दिशेच्या पट्ट्यांना एकच सुरुवातीची व एकच शेवटची कड मिळते? y² किंवा ln x दिसला म्हणून आडव्या पट्ट्या असा ठोकळ नियम उपयोगी पडतो, पण आकृती पाहून मगच.

पहिल्या उदाहरणात आडव्या पट्ट्या घेणे म्हणजे ओढवून घेतलेले संकट. y = x³ − x² मधून x एकटा करायला त्रिघाती समीकरण सोडवावे लागते, शिवाय y च्या −4/27 ते 0 या पट्ट्यात प्रत्येक आडवी रेषा वक्राला तीन ठिकाणी कापते. तिथे तुकडे कमी होण्याऐवजी वाढतात. शिवाय छेदनबिंदू काही हलत नाहीत: वक्र जिथे जागा बदलतात तिथे y मध्येही तुकडा पाडावाच लागतो. याच उदाहरणातल्या x आणि y ची अदलाबदल करून x = y³ − y² आणि x = 2y असे मांडले तर आकृती y = x या रेषेत प्रतिबिंबित होते. मग समाकलन y मध्ये सोपे, पण y = 0 वर तुकडा तसाच लागतो, आणि उत्तरही तेच, 37/12.

छेदनबिंदू काढताना वर्ग केला असेल तर मिळालेली मुळे परत तपासावीत. y = √x आणि y = x − 2 यांत वर्ग केल्यावर x = 1 आणि 4 मिळतात. पण x = 1 ला एक y = 1 देते आणि दुसरे −1; तो छेदनबिंदूच नाही. हे दोन वक्र आणि X-अक्ष यांमधला भाग आडव्या पट्ट्यांनी एका दमात होतो: ∫₀² (y + 2 − y²) dy = 10/3.

मुळे नेमकी मिळत नाहीत तेव्हा

y = cos x आणि y = x² यांचे छेदनबिंदू बीजगणिताने मिळत नाहीत. न्यूटनच्या पद्धतीने किंवा गणकयंत्रावर अंदाज सुधारत x ≈ ±0.82413 येते. आकृती Y-अक्षाभोवती सममित असल्याने क्षेत्रफळ 2(sin a − a³/3), म्हणजे सुमारे 1.0948. मूळ दोनच दशांशांपर्यंत, a = 0.82 घेतले, तरी उत्तर 1.0947 येते. मुळातली चूक 0.004 असताना क्षेत्रफळातली 0.00004 इतकीच, कारण छेदनबिंदूपाशी पट्टीची उंचीच शून्याजवळ असते. तिथे सीमा थोडी सरकली तरी नगण्य क्षेत्रफळ सुटते. ही सवलत फक्त छेदनबिंदूवर संपणाऱ्या सीमेला आहे. x = 2 सारखी उभी रेषा भागाची कड असेल आणि तिथे वक्रांमधले अंतर 5 असेल, तर सीमेतल्या 0.004 च्या चुकीने क्षेत्रफळ सुमारे 0.02 ने चुकते.