लेखातला पूर्वपक्ष आणि लेखावरचा आक्षेप

वादविवादाच्या तयारीसाठी लेखाचा सारांश काढताना दावा आणि पुरावा बहुतेक विद्यार्थ्यांना सापडतो. गोंधळ होतो तो तिसऱ्या रकान्यात. ‘विरोधी मुद्दे’ असे लिहून त्याखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र टाकल्या जातात. एक, लेखकाने स्वतःच मांडलेले आणि मग खोडलेले विरोधी मत, म्हणजे पूर्वपक्ष. दुसरी, लेख वाचताना आपल्याला सुचलेली हरकत, म्हणजे आक्षेप. जुन्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष मांडायचा, मग त्याला उत्तर द्यायचे आणि शेवटी सिद्धान्तावर यायचे, अशी रीतच होती. आजचे वैचारिक लेखही बरेचदा याच वाटेने जातात, फक्त वर तशी पाटी नसते.

एक उदाहरण घेऊ. समजा, मतदान सक्तीचे करावे असे सांगणारा लेख हाती आला. त्यात लेखक लिहितो, की ऑस्ट्रेलियात १९२२ च्या निवडणुकीत मतदान ६० टक्क्यांच्याही खाली होते, १९२४ मध्ये सक्तीचा कायदा आला आणि १९२५ मध्ये मतदान ९१ टक्क्यांवर गेले. हे आकडे खरे आहेत. पुढे एक परिच्छेद येतो: ‘मत न देणे हाही नागरिकाचा हक्क आहे. राज्यसंस्थेने कुणाला केंद्रापर्यंत ओढत नेणे हा स्वातंत्र्यावर घाला आहे.’ त्यानंतरचा परिच्छेद ‘परंतु’ने सुरू होतो. मतदान गुप्त असते, कोरी मतपत्रिका पेटीत टाकण्यापासून कुणी अडवू शकत नाही, म्हणजे सक्ती हजेरीची आहे, मताची नाही, असे लेखक सांगतो.

घाईत वाचणारा विद्यार्थी मधला परिच्छेद उचलून लिहितो, ‘लेखकाच्या मते सक्ती हा स्वातंत्र्यावर घाला आहे.’ लेखकाच्या तोंडी नेमके उलटे मत गेले. यात विद्यार्थ्याचा सगळा दोष नाही. मराठीत ‘असे काही जण म्हणतात’ हे एकदा लिहिले, की पुढची पाच-सहा वाक्ये परक्याचे मत असूनही लेखकाचीच वाटतील अशी येऊ शकतात. कधी तर ते एक वाक्यही नसते. म्हणून शंका आली की दोन परिच्छेद पुढे जाऊन ‘पण’, ‘तथापि’, ‘वस्तुतः’ शोधावे. तिथून उलट चाल सुरू होत असेल तर आधीचा भाग पूर्वपक्ष. याहून खात्रीची कसोटी मी मुलांना देतो: या वाक्याखाली लेखक सही करेल का? ‘स्वातंत्र्यावर घाला’ याखाली तो करणार नाही.

‘मान्य’, ‘कबूल’, ‘अर्थात’ या शब्दांपाशी मात्र थांबावे. तिथे लेखक पूर्वपक्षातला काही भाग खोडत नाही, स्वीकारतो. ‘मान्य, कोरी मते वाढतील’ असे त्याने लिहिले असेल, तर त्याखाली त्याची सही आहे. ही कबुली वेगळी टिपावी, कारण प्रतिकूल बाजूने बोलणाऱ्याला ती थेट वापरता येते.

आता आक्षेप. तो लेखात नसतो, पुरावा आणि दावा यांच्या मधल्या जागेत शोधावा लागतो. आपल्या लेखाचा दावा समजा असा आहे, की सक्तीमुळे सरकार अधिक प्रातिनिधिक होते. आकडे काय दाखवतात? कायद्यानंतर मतदान वाढले, एवढेच. जास्त लोक आले म्हणून त्यांचे हित सरकारात उतरले, ही पायरी लेखकाने गृहीत धरली आहे. आक्षेप तिथे बसतो. ऑस्ट्रेलियात अलीकडे कनिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत साधारण ५ टक्के मते बाद ठरतात, हे हाताशी असेल तर प्रश्न धारदार होतो: केंद्रापर्यंत आलेला प्रत्येक जण खरेच निवड करतो का? तरी जपून. बाद मतांत चुकून बाद झालेलीही असतात, तेव्हा ती सगळी नाराजीची म्हणून सांगितली तर समोरचा तिथेच पकडेल.

पूर्वपक्षावर विसंबणे धोक्याचे असते, कारण तो लेखकाने निवडलेला असतो. ज्याचे उत्तर तयार आहे, तोच बहुधा मांडला जातो. प्रतिकूल बाजूने ‘मत न देण्याचा हक्क’ घेऊन उभे राहिलात आणि समोरच्याने तोच लेख वाचलेला असला, तर कोऱ्या मतपत्रिकेचे उत्तर त्याच्याकडे आधीच आहे.

म्हणून वहीत मी पानावर आडवी रेघ मारायला सांगतो. रेघेच्या वर फक्त लेखकाचे: दावा, पुरावा, पूर्वपक्ष आणि त्याला चिकटूनच त्याचे उत्तर. रेघेखाली आपले. या लेखाच्या पानावर वर येईल, ‘पूर्वपक्ष: न देण्याचा हक्क. उत्तर: सक्ती हजेरीची, कोरे मत शक्य.’ खाली येईल, ‘आक्षेप: मतदान वाढले हे सिद्ध, प्रातिनिधिकता वाढली हे नाही.’ अनुकूल बाजू वाट्याला आली तर तयारी रेघेखालच्या या ओळीला उत्तर शोधण्यापासून सुरू करावी. वरच्या ओळीचे उत्तर लेखकाने दिलेलेच आहे.