आउटडोअर युनिट डक्टमध्ये गेलं कसं

विंडो एसी होता तोवर कॉम्प्रेसरचा आवाज ज्याच्या खोलीत, त्याच्याच डोक्याला होता. २००० नंतरच्या दशकात मुंबईत स्प्लिट एसी घरोघर पोचला आणि तो आवाज, गरम हवेसकट, शेजाऱ्याच्या खिडकीशी गेला. इमारतींच्या नकाशात मात्र आउटडोअरची जागाच नव्हती. फिटिंगबरोबर साधारण तीन मीटर तांब्याचा पाइप मिळतो, पुढच्या पाइपाचे पैसे वेगळे. त्यामुळे मेकॅनिकने जवळची भिंत धरली, ब्रॅकेट ठोकले आणि इमारतीचा दर्शनी भाग व्हायचा तसा झाला.

खरा घोळ ‘डक्ट’ या शब्दाचा आहे. जुन्या इमारतीत डक्ट म्हणजे संडास-बाथरूमच्या पाइपांसाठी सोडलेली अरुंद उभी पोकळी. ती रस्त्यावरून दिसत नाही, म्हणून सोसायट्यांनी सरसकट ठराव केले: आउटडोअर डक्टमध्येच. दर्शनी भाग वाचला. उष्णतेचा हिशेब कोणी केला नाही.

तो असा. दीड टनाचं मशीन खोलीतून सुमारे ५ किलोवॉट उष्णता काढतं, स्वतः दीडेक किलोवॉट वीज खातं, आणि दोन्ही मिळून साडेसहा-सात किलोवॉट बाहेर टाकतं. बाहेर पडणारी हवा आत ओढलेल्या हवेपेक्षा आठ-दहा अंशांनी गरम असते. चार फुटी डक्टमध्ये ती समोरच्या भिंतीवर आपटून पुन्हा मागच्या जाळीतून आत शिरते, उरलेली वर चढते. वीस मजल्यांवर एकाखाली एक मशीन चालू असतील तर वरच्यांच्या वाट्याला खालच्यांनी तापवलेली हवा येते. आधी बिल वाढतं, मग गारवा कमी होतो, शेवटी भर दुपारी मशीन ट्रिप होतं आणि लोक गॅस भरून घेतात! खरं तर मशीनच्या मागे थर्मामीटर धरावा. तिथली हवा उघड्यावरच्या सावलीतल्या हवेपेक्षा पाच-सहा अंशांनी गरम असेल, तर दोष बहुतेक जागेचा. आवाजाचंही तेच: उघड्या भिंतीवर तो विरतो, डक्टमध्ये घुमतो.

मुंबईच्या बांधकाम नियमांत जानेवारी २०१२ मध्ये झालेल्या बदलावर अजून वाद होतो. तोवर खिडकीबाहेरचे फ्लॉवर बेड, भिंतीतले निश म्हणजे कोनाडे वगैरे एफएसआयच्या, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल त्या मर्यादेच्या, बाहेर होते. बिल्डर ते विकत आणि घेणारा ते खोलीत मिसळून टाकी. बदलाने ते एफएसआयमध्ये मोजले जाऊ लागले, आणि भरपाई म्हणून निवासी इमारतींना प्रीमियम भरून ३५ टक्के जादा एफएसआय मिळाला, त्याला फंजिबल म्हणतात. गैरवापर थांबवायलाच हवा होता. पण फ्लॉवर बेडच्या कठड्याआड पुष्कळ आउटडोअर उघड्या हवेत बसत, तो आडोसा गेला. मला तरी हा तोटा मोठा वाटतो.

नव्या टॉवरांत आउटडोअर ठेवायला भिंतीबाहेर लेज म्हणजे फळीसारखी जागा असते, पुढे लूव्हर म्हणजे आडव्या पट्ट्यांचा पडदा. पट्ट्या जवळजवळ आणि तिरप्या असल्या तर लेजचीही डक्टच होते. म्हणून काही ठिकाणी पंख्यासमोरच्या पट्ट्या काढून टाकलेल्या दिसतात, बाकीचा लूव्हर जागच्या जागी.