कड्यावरून आडवा फेकलेला चेंडू आणि ‘रेंज’चा घोळ

सोलापूरचा किल्ला भुईकोट. कडा बघायचा तर शहराबाहेरची एखादी दगडाची खाण गाठावी लागते, म्हणून इथल्या अकरावीच्या फळ्यावरचा कडाही खाणीचाच काढू. उंची 19.6 मीटर. काठावरून चेंडू अगदी आडवा, सेकंदाला 15 मीटर वेगाने सुटला. रेंज किती, म्हणजे जमिनीवर पडेपर्यंत तो आडवा किती लांब जाईल?

बरीच मुलं R = u² sin 2θ / g लिहितात, θ = 0 घालतात आणि उत्तर काढतात शून्य. म्हणजे चेंडू काठावरून हललाच नाही!

सूत्र खोटं नाही, ते दुसऱ्याच प्रश्नाचं आहे. ते तोफेच्या पल्ल्याचं: गोळा सुटतो त्याच पातळीवर परत पडतो, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. सपाट जमिनीवरून शून्य अंशात सुटलेल्या गोळ्याचा पल्ला शून्यच. पुढे पाठ्यपुस्तकांनी कड्यापासूनच्या अंतरालाही ‘रेंज’च म्हटलं, आणि घोळ तिथे झाला.

खरं तर आडवी फेक आधीची. साधारण 1608 मध्ये इटलीतल्या गॅलिलिओ या गणितीने उतारावरून गोळी सोडून ती टेबलाच्या काठावरून आडवी उडवली आणि ती कुठे पडते ते मोजलं. टेबल तेच, म्हणून पडायचा वेळही तोच. अंतर बदललं तर ते फक्त वेगामुळे. उतारावरची उंची 1000 एकक असताना हिशेबाने 1460 यायला हवं होतं, मोजल्यावर भरलं 1500. 1638 मध्ये छापलेल्या त्याच्या पुस्तकातही सिद्धता आडव्या फेकीपासूनच सुरू होते. तिरप्या माऱ्याचे तक्ते मागाहून येतात. आपण शिकवताना हा क्रम उलटा केला, आणि माझ्या मते चूक तिथेच आहे.

त्या टेबलाच्या रीतीने खाणीचं गणित दोन ओळींचं. उभ्या दिशेने सुरुवातीचा वेग शून्य, म्हणून 19.6 = ½ × 9.8 × t², वेळ 2 सेकंद. आडव्या दिशेने ओढणारं काही नाही, म्हणून अंतर 15 × 2 = 30 मीटर.

आदळतानाच्या वेगात आणखी एक खोच आहे. ‘जमिनीवर पडला म्हणजे अंतिम वेग शून्य’ असं धरून चालत नाही. वेग हवा तो जमिनीला टेकायच्या क्षणाचा. आडवा घटक 15 तसाच राहतो, उभा 9.8 × 2 = 19.6 होतो. दोन्ही मिळून वेग सेकंदाला सुमारे 24.7 मीटर, दिशा आडव्या रेषेखाली साधारण 53 अंश. हे सगळं अर्थात हवेचा अडथळा सोडून. वजनदार गोट्याला ते बऱ्यापैकी लागू पडतं, प्लॅस्टिकच्या हलक्या चेंडूला नाही.

आणि खाण दुप्पट खोल केली तर? वर्गात हमखास उत्तर येतं 60 मीटर. पण वेळ उंचीच्या वर्गमुळाने वाढतो, तो होतो 2.83 सेकंद, आणि चेंडू पडतो 42.4 मीटरवर.