क्षेत्रफळ-एककांचे रूपांतर (मालमत्ता नोंदींतील)

जमीन, घर किंवा गाळ्याचे क्षेत्रफळ वेगवेगळ्या एककांत नोंदलेले असताना डेटाबेसमध्ये आणि जाहिरातींत ते सगळीकडे एकाच हिशेबाने दिसावे, यासाठी वापरायची पद्धत. महाराष्ट्रात सदनिका लोक चौरस फुटांत बोलतात, शेतजमीन एकर-गुंठ्यांत बोलतात आणि सातबारावर तीच जमीन हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये असते.

रूपांतराचे गुणक वादाचे नाहीत. १ फूट म्हणजे नेमके ०.३०४८ मीटर, त्यामुळे १ चौरस फूट म्हणजे ०.०९२९०३०४ चौरस मीटर. ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. बिघ्याचे मात्र तसे नाही. पश्चिम बंगालात तो १४,४०० चौरस फुटांचा, तर राजस्थानातला पक्का बिघा २७,२२५ चौरस फुटांचा धरतात. म्हणून एककांच्या तक्त्यात नुसते ‘बिघा’ लिहून भागत नाही, प्रदेशही जोडावा लागतो.

खरा घोळ गुणकांत नसतो, तो टिंबात असतो. ‘२.२०’ असे लिहिणारा माणूस बहुधा ‘दोन एकर वीस गुंठे’ म्हणत असतो. इथले टिंब दशांशचिन्ह नसून एकर आणि गुंठे वेगळे करणारी खूण आहे. हे क्षेत्र १०० गुंठे, म्हणजे १,०८,९०० चौरस फूट किंवा १०,११७.१४ चौरस मीटर भरते. सातबाराच्या पद्धतीने १.०१.१७. संगणकाने तोच आकडा दशांश म्हणून वाचला तर २.२ एकर, म्हणजे ८८ गुंठे होतात आणि बारा गुंठे जमीन कागदावरून गायब होते. त्यातून स्प्रेडशीटने शेवटचे शून्य गाळून ‘२.२’ केले, की पुढचा माणूस त्याला दोन एकर दोन गुंठेही समजू शकतो. आणि त्याच रकान्यात कुणी ‘अडीच एकर’ म्हणून २.५ भरलेले असेल, तर एकाच मापाच्या दोन जमिनी दोन वेगळ्या आकड्यांनी शेजारी बसतात.

जुनी यादी हाती आली की आधी टिंबानंतरचे दोन अंक पाहावेत. एकर-गुंठ्यांच्या रकान्यात ते ३९ च्या पुढे जात नाहीत, कारण चाळिसाव्या गुंठ्याला एकर पुरा होतो. २.५० किंवा १.७५ दिसले, तर निदान ती नोंद तरी दशांशातली आहे. मोठ्या यादीत एकही अंक ३९ ओलांडत नसेल तर ती बहुधा एकर-गुंठ्यांची. पाच-दहा नोंदींवरून मात्र असा निष्कर्ष काढू नये. पुढे घोळ टाळण्यासाठी एकर आणि गुंठे यांना दोन स्वतंत्र रकाने द्यावेत:

```
area_sqm = (acre * 40 + guntha) * 101.17141056
```

आर आणि गुंठा एकच समजण्याची चूक याहून लहान, पण चिवट आहे. आर १०० चौरस मीटरचा, गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा. फरक जेमतेम सव्वा टक्का असल्याने तो कुणाच्या डोळ्यांत भरत नाही; ४० आर ‘एक एकर’ म्हणून जाहिरातीत गेले, की ४७ चौरस मीटर जास्तीचे विकायला निघतात.

साठवणुकीचा रूढ उपाय असा: मूळ आकडा, मूळ एकक आणि कागदावरचा मजकूर जसाच्या तसा ठेवायचा, शेजारी चौरस मीटरमधले क्षेत्र पूर्ण दशांशांसह ठेवायचे आणि दाखवायचे सगळे आकडे तिथूनच काढायचे. पडद्यावर दिसणारा, पूर्णांकात आणलेला आकडा पुन्हा रूपांतराला वापरायचा नाही. ६५० चौरस फुटांची सदनिका ६०.३८६९७६ चौरस मीटरची असते. ती ६०.३९ अशी साठवली आणि ग्राहकाने ‘६५० पर्यंत’ अशी चाळणी लावली, तर मर्यादा ६०.३८६९७६ वर थांबते आणि नेमकी तीच सदनिका यादीतून गळते. पडद्यावर ६५० दिसत असल्याने हा दोष शोधायलाही वेळ लागतो.

चटई क्षेत्र आणि बिल्टअप क्षेत्र यांतला फरक मात्र रूपांतराने सुटत नाही. ती दोन निरनिराळी मोजमापे आहेत आणि त्यांच्यात पक्का गुणक नसतो. रेरा कायद्याने (२०१६) चटई क्षेत्राची व्याख्या दिली आहे, म्हणून प्रत्येक क्षेत्रफळासोबत ते कोणते हे सांगणारा वेगळा रकाना लागतो. जिथे मूळ एककच ठरवता येत नाही, तिथे चौरस मीटरचा रकाना रिकामा ठेवून सातबारा किंवा खरेदीखत पाहून तो भरतात.