बसल्या जागेवरून घेतलेली मापं

व्हीलचेअर वापरणाऱ्यासाठी बाथरूम बदलायची झाली की लोक आधी आधाराच्या दांड्या विकत आणतात. माझ्या मते पहिली टेप दाराला लावावी. समजा, खुर्ची चाकांच्या कड्यांसकट ६५ सेमी रुंद आहे आणि चौकटीचं आतलं माप ७५ सेमी. कागदावर खुर्ची आरामात जाते. पण काटकोनात उघडलेलं दार साडेतीन सेमी जागा खातं. उरले साधारण ७१, म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम ३ सेमी. चाकांची कडी हातांनी फिरवणाऱ्याची बोटं चौकटीवर सोलवटतात. अमेरिकेच्या नियमांत दाराची मोकळी रुंदी किमान ८१.५ सेमी आहे, आपल्याकडच्या मार्गदर्शक तत्त्वांत ९०. भिंत फोडता येत नसेल, तर भिंतीच्या बाहेरच्या बाजूने सरकणारं दार बसवावं, खाल्लेली जागा परत मिळते. दार आत उघडणारं मात्र नको. माणूस आत पडला तर त्याच्याच अंगाने ते अडतं.

कमोडची बैठक साधारण ४५ ते ४८ सेमीवर असावी असं सांगतात, पण खरं माप खुर्चीचंच. उशी माणसाच्या वजनाने दबते, म्हणून तो बसलेला असतानाच जमिनीपासून उंची मोजावी. कमोड त्याहून बराच खाली असेल, तर जाणं सोपं आणि परत येणं अवघड. फार उंच असेल, तर पाय लोंबकळतात आणि तोल जातो. भिंतीवर टांगायचा कमोड हव्या त्या उंचीला बसवता येतो, हा त्याचा मोठा फायदा.

स्वयंपाकघरात गुडघे ओट्याखाली जाणं महत्त्वाचं. खाली साधारण ७० सेमी मोकळी जागा आणि वर ग्रॅनाइट धरलं, तर ओटा ७५ ते ८० सेमीवर येतो. सिंक उथळ घ्यावं, त्याचं भोक मागच्या बाजूला असावं, म्हणजे पाइप गुडघ्यांत येत नाही. गरम पाण्याचा पाइप खालून जात असेल, तर त्याला आवरण हवंच. मणक्याच्या दुखापतीनंतर पायांची संवेदना गेलेली असेल, तर भाजलेलं कळतच नाही.

नळ सिंकच्या मागे असतो, तिथवर हात पोचवायला पुढे वाकावं लागतं, आणि पोटाचे स्नायू काम करत नसतील तर वाकलेला माणूस सरळ होऊ शकत नाही. म्हणून नळ सिंकच्या बाजूला, पुढच्या कडेजवळ घ्यावा. पिळायची चावी नको. मुठीने किंवा कोपराने ढकलता येईल असा लांब दांडीचा नळ हवा. फळ्यांचंही तसंच. समोर अडथळा नसताना हात साधारण १२० सेमीपर्यंत पोचतो, मध्ये ओटा आला की ती मर्यादा ११०च्या आसपास येते. रोजचे डबे त्याखालीच हवेत.

ग्रॅनाइट कापण्याआधी विटांवर फळी ठेवून त्यावर कणीक मळून बघावी. मळताना खांदे वर उचलले जात असतील, तर एक-दोन सेमी खाली घ्यावं.